नवीन पीडीएफ का उघडत नाही आणि क्यूआर जुनंच नाव का सांगतो

नमस्कार भाऊ,
मी केळापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली सून. सासूबाईंचं आधार मोबाईलमध्ये आहे. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी ॲपची भाषा मराठी केली. तरी फॉर्म भरताना मराठी घेतच नाही अन् त्यांचं नाव कुठं मराठीत, कुठं इंग्रजीत दिसते. बँकेच्या पासबुकावर Kamalabai होतं अन् आधारवर Kamlabai. म्हणून दिवाळीनंतर पांढरकवड्याले जाऊन आधारवरचं नाव बदललं, पत्ताही बदलला. झाल्याचा मेसेज आला. पण डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेलो तं दवाखान्यात मोबाईलमधला क्यूआर स्कॅन केला अन् जुनंच नाव, जुनंच गाव आलं. मुलानं नवीन पीडीएफ उतरवली तं ती पासवर्डच घेत नाही, म्हणून जुनीच दाखवत फिरतो. पुढच्या महिन्यात सासूबाईंना नणंदेकडं करीमनगरले जायचं आहे. तिथं ॲप तेलुगूत करून ठेवू का? अन् कोरोनाच्या लसीच्या सर्टिफिकेटवर जुनं नाव आहे, ते आपोआप बदलते का?
— एक सून, जि. यवतमाळ

ताई,

पासवर्डपासूनच सुरू करतो. ती फाइल उघडली की तुमच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर समोर दिसेल.

आधारच्या पीडीएफचा पासवर्ड कोणी तुम्हाला दिलेला नसतो, तो नावावरून तयार होतो. आधारवर इंग्रजीत जे नाव आहे त्याची पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत, आणि त्याला लागून जन्माचं साल. सासूबाईंचं जन्मसाल १९५८ धरलं, तर जुन्या फाइलचा पासवर्ड होता KAML1958. आता नाव Kamalabai झालं, म्हणजे पहिली चार अक्षरं बदलली. नव्या फाइलला KAMA1958 लागेल. मध्ये जागा सोडायची नाही, अक्षरं लहान लिपीत चालत नाहीत, आणि साल नेहमी इंग्रजी आकड्यांत टाकायचं. मोबाईलचा कीबोर्ड मराठीवर असेल तर १९५८ असं देवनागरीत जातं आणि फाइल पुन्हा ‘चुकीचा पासवर्ड’ म्हणते. पुष्कळ ठिकाणी गाडी याच आकड्यांवर अडते, म्हणून आधी कीबोर्ड इंग्रजी करून घ्या.

आणि एक लक्षात आलं का? तुमच्या मुलाने नव्या फाइलला जुनाच पासवर्ड इंग्रजी आकड्यांत बरोबर टाकला असेल आणि तरी ती उघडली नसेल, तर याचा अर्थ नावाची दुरुस्ती खरोखरच झाली आहे. दुरुस्ती झाली नसती तर जुन्या पासवर्डने फाइल मुकाट्याने उघडली असती. त्यामुळे केंद्रावर पुन्हा चक्कर मारायची घाई करू नका.

आता दवाखान्यातला प्रकार. तिथल्या माणसाने तुमच्या मोबाईलमधला क्यूआर स्कॅन केला, स्क्रीनवर Kamlabai आलं आणि जुनं गाव आलं. यात मशीनची चूक नाही, आधार खात्याचीही नाही. आधारचा हल्लीचा क्यूआर कोड आधारच्या कार्यालयाला फोन लावून माहिती विचारत नाही. नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, लहानसा फोटो आणि आधार क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे, एवढं सगळं त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनातच भरलेलं असतं आणि त्यावर आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते. स्कॅन करणारं ॲप ती सही तपासतं आणि आतला मजकूर दाखवतं. त्याला इंटरनेटही लागत नाही, म्हणून टॉवर नसलेल्या गावातही तो चालतो. पण याच कारणाने तो ज्या दिवशी तयार झाला त्या दिवसाचीच गोष्ट सांगतो.

तुम्ही शेतकरी घरातल्या आहात, सातबारा तुम्हाला सांगायला नको. फेरफार मंजूर झाला तरी कपाटात ठेवलेल्या जुन्या उताऱ्यावर नवं नाव उमटत नाही. तो उतारा खोटा होत नाही, फक्त जुना होतो. तलाठ्याची सही त्यावर खरीच असते. आधारचा जुना क्यूआरही तसाच. स्कॅन केल्यावर सही बरोबर निघते, हिरवी खूण येते आणि तरी नाव जुनं दिसतं. दवाखान्यातला माणूस म्हणतो, ‘तुमचं अपडेट झालंच नाही.’ त्याच्या स्क्रीनवर ते तसंच दिसतं, त्यालाही दोष देता येत नाही.

हा नियम फक्त मोबाईलमधल्या फाइललाच नाही. पोस्टाने आलेलं लांब पत्र, त्यातून कापून लॅमिनेट केलेलं कार्ड, प्लॅस्टिकचं पीव्हीसी कार्ड, नातवाने कधीतरी काढून ठेवलेला स्क्रीनशॉट, या सगळ्यांवरचे क्यूआर आपापल्या तारखेला थांबलेले आहेत. घरात चार प्रती असतील तर चारही वेगवेगळं सांगू शकतात. म्हणून दुरुस्तीनंतर पहिलं काम म्हणजे जुन्या प्रती बाजूला काढणं. फाडून टाका असं मी म्हणणार नाही, कारण जुन्या नावाने काढलेली एखादी पॉलिसी किंवा कर्जाचं प्रकरण असेल तर दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला ती प्रत कामाला येते. पण मोबाईलमधून मात्र ती काढाच. व्हॉट्सॲपच्या गर्दीत दोन सारख्या फाइली असल्या की काउंटरवर घाईत नेमकी जुनीच उघडते.

नवी प्रत उतरवायची ती myaadhaar.uidai.gov.in या ठिकाणावरूनच. तिथे Download Aadhaar वर जायचं, बारा आकडी क्रमांक आणि खाली दिसणारी वेडीवाकडी अक्षरं टाकायची. मग आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो मोबाईल कोणाचा आहे ते आधी आठवून घ्या. आपल्याकडे सासू-सासऱ्यांच्या आधारला मुलाचा, नाहीतर पुण्याला कामाला गेलेल्या पुतण्याचा नंबर जोडलेला असतो. पुतण्या कंपनीत पाळीवर असेल तर ओटीपी सांगणार कोण? आधी फोन करून वेळ ठरवा, मगच बसा, कारण ओटीपी थोडा वेळच टिकतो. नंबर बंद पडला असेल तर तो आधारवर बदलून घ्यावा लागेल, आणि ते काम करीमनगरला निघायच्या आधी उरकलेलं बरं.

उतरवताना तिथेच एक खूण करायची सोय असते, त्याने ‘मास्क्ड’ प्रत मिळते. त्यात क्रमांकाचे पहिले आठ आकडे झाकलेले असतात. प्रवासात लॉजवाल्याला, घरमालकाला, सोसायटीच्या गेटवर द्यायला हीच प्रत ठेवा. क्यूआर तिच्यावरही असतो आणि तितकाच चालतो.

फाइल उघडली की कार्डाच्या कडेला उभ्या अक्षरांत छापलेल्या तारखा बघा, त्यावरून प्रत कधीची ते कळतं. मग घरीच एकदा स्कॅन करून पाहा. यासाठी साधा स्कॅनर घेऊ नका. साध्या स्कॅनरने आधारचा हल्लीचा क्यूआर वाचला तर पडदाभर नुसते आकडे येतात, नाव दिसतच नाही. हे पाहून ‘कार्ड खराब झालं’ म्हणणारे पुष्कळ आहेत. कार्ड खराब नसतं. आतला मजकूर दाबून भरलेला असतो, तो सोडवायला आधारचंच स्कॅनर लागतं. प्ले स्टोअरवर Aadhaar QR Scanner नावाचं ॲप आहे, प्रकाशक म्हणून आधार प्राधिकरणाचं नाव बघून घ्या. याच्या उलट, फार जुन्या कार्डावरचा क्यूआर साध्या स्कॅनरने वाचला तर नाव-गाव सरळ इंग्रजीत दिसतं. तसं दिसलं तर ओळखायचं की हे २०१८ च्या आधीच्या पद्धतीचं कार्ड आहे. त्यावर ती डिजिटल सही नाही, आणि कार्ड तपासणारे आता ते सहसा मानत नाहीत.

एका मोबाईलवर फाइल उघडायची आणि दुसऱ्या मोबाईलने स्कॅन करायचं. स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा आणि क्यूआर मोठा करून मधोमध आणा. आधारचा चौकोन फार दाट असतो, ठिपके बारीक असतात. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत बहुतेक वेळा वाचली जात नाही, कारण व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तेच झेरॉक्सचं. काळी पडलेली झेरॉक्स आणि चकाकणारं लॅमिनेशन या दोन्हींवर स्कॅनर थकतो. पांढऱ्या कागदावर, मूळ आकारात, लेझर प्रिंट काढून ठेवा. सेतूवाल्याला सांगा की पीडीएफवरूनच छाप, मोबाईलच्या फोटोवरून नको.

स्कॅन केल्यावर Kamalabai आणि नवं गाव दिसलं म्हणजे झालं. नाव नवं आणि पत्ता मात्र जुना असं दिसलं, तर त्याचा अर्थ वेगळा. नावाची विनंती मंजूर झाली आणि पत्त्याची झाली नाही, किंवा केंद्रावर पत्ता भरायचाच राहिला. अशा वेळी केंद्रावरून मिळालेली पावती काढा. तिच्यावर चौदा आकडी नोंदणी क्रमांक असतो आणि शेजारी तारीख-वेळ. त्याच संकेतस्थळावर तो टाकला की विनंती कुठवर पोचली ते दिसतं, नाहीतर १९४७ वर फोन करून मराठीत विचारा. मेसेजही नीट वाचा. ‘तुमची विनंती मिळाली’ हा एक मेसेज असतो आणि ‘तुमचा बदल झाला’ हा दुसरा. पहिला आला की लोक काम झालं समजतात.

आता मोबाईलमधल्या ॲपकडे येऊ. तुमच्याकडे mAadhaar असेल, किंवा त्याच खात्याचं Aadhaar नावाचं नवं ॲप असेल. मी mAadhaar धरून सांगतो. तुम्ही ॲपमध्ये सासूबाईंचं प्रोफाइल पूर्वी जोडलं, तेव्हाची माहिती त्यात साठून आहे. दुरुस्तीनंतर ती ताजी करून घ्यावी लागते, पुन्हा ओटीपी देऊन. तो पर्याय सापडत नसेल तर सरळ प्रोफाइल काढून टाका आणि नव्याने जोडा. काढून टाकलं म्हणजे आधार रद्द झालं असं काही होत नाही. ते फक्त त्या मोबाईलमधून जातं. सासऱ्यांचंही आधार त्याच नंबरवर असेल तर त्यांचंही प्रोफाइल याच ॲपमध्ये बसतं. पाच जणांपर्यंत जोडता येतात, पण प्रत्येकाच्या आधारला तोच मोबाईल नंबर जोडलेला हवा.

भाषेचं तुम्ही विचारलंत, ते इथेच सांगतो. ॲपमध्ये भाषा मराठी केली की बदलतात ती बटणं, मेनू आणि सूचना. सासूबाईंना ‘माझे आधार’ कुठे आहे ते वाचता यावं एवढ्यासाठी ती सोय चांगलीच आहे, ती तशीच ठेवा. पण भाषा कोणतीही निवडली तरी फॉर्ममधल्या रकान्यांत इंग्रजीतच लिहावं लागतं. मोबाईलच्या कीबोर्डवर भारतीय भाषांत टाइप करताना गोंधळ होतो म्हणून ते तसं मुद्दाम ठेवलं आहे. तुमचा मोबाईल बिघडलेला नाही.

नाव-पत्त्याची गोष्ट मेनूच्या भाषेपासून अगदी वेगळी. आधारच्या नोंदीत तो मजकूर दोनदा असतो, एकदा इंग्रजीत आणि एकदा एका भारतीय भाषेत. आपल्याकडे ती मराठी. कार्डावर दोन ओळी दिसतात त्या म्हणूनच. केंद्रावर ऑपरेटर इंग्रजीत टाइप करतो आणि मराठी ओळ संगणक आपोआप उमटवतो. इथे गंमत होते. संगणकाला ‘कमलाबाई’ म्हणायचं की ‘कमालाबाई’ हे इंग्रजी अक्षरांवरून कळत नाही, आणि गावांच्या नावांचं तर विचारूच नका. ऑपरेटरने हाताने मराठी ओळ सुधारायची असते, पण बाहेर रांग लागलेली असली की तो पुढे सरकतो. तुमच्याकडे आता Kamalabai झालं आहे, म्हणून नव्या पीडीएफमधली मराठी ओळही एकदा वाचून पाहा. सासूबाईंना म्हणा, तुम्हीच वाचा. स्वतःचं नाव माणूस लगेच ओळखतो.

मराठी ओळ चुकली असली तर किती काळजी करायची? माझ्या मते थोडीच. क्यूआरमध्ये फक्त इंग्रजी मजकूर भरलेला असतो. मराठी ओळ त्यात जात नाही. स्कॅन करून होणाऱ्या सगळ्या कामांत इंग्रजी स्पेलिंगच चालतं. मराठी ओळ डोळ्यांनी बघितली जाते ती तहसीलमध्ये, ग्रामपंचायतीत, शाळेत, रेशनच्या कागदाशी ताडताना. तिथे ‘कमालाबाई’ पाहून बाबू नाक मुरडेल, एवढंच.

मात्र नाव पुन्हा बदलायला जाताना शंभरदा विचार करा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदा आणि लिंग एकदा. पत्त्याला मर्यादा नाही. सासूबाईंची एक संधी Kamlabai चं Kamalabai करण्यात गेली. खरं सांगू, एका a साठी मी आधार बदललं नसतं, बँकेला अर्ज देऊन पासबुक आधारसारखं करून घेतलं असतं. बँकेत नाव कितीदा दुरुस्त झालं याचा हिशेब कोणी आयुष्यभर ठेवत नाही. पण झालं ते झालं, आता उलट करायला जाऊ नका. यापुढे रेशन कार्ड असो की योजनेचं आरोग्य कार्ड, ती आधारकडे वळवा, आधारला त्यांच्याकडे नेऊ नका. केंद्रावर नाव-पत्त्याच्या दुरुस्तीला ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये लागतात, आणि पावतीवर तेवढेच छापलेले असतात. जास्त मागितले तर पावतीवर बोट ठेवा.

पुढच्या वेळी केंद्रावर गेलात तर सही किंवा अंगठा देण्याआधी ऑपरेटरकडे दोन गोष्टी मागा. स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा आणि इंग्रजी-मराठी दोन्ही ओळी मोठ्याने वाचायला सांगा. पावती हातात आली की तिथेच उभं राहून पुन्हा वाचा, बसस्टँडवर पोचल्यावर नको.

करीमनगरला जायचं आहे, तर ॲप तेलुगूत करू नका. mAadhaar मध्ये तेलुगू भाषा आहे, पण ती निवडली तर बदलणार काय? बटणं. नाव आणि पत्ता जसा आहे तसाच राहणार. म्हणजे तिथल्या माणसाला फायदा काही नाही, आणि सासूबाईंना मात्र स्वतःचाच मोबाईल वाचता येणार नाही. परत मराठी करायला भाषेचं बटण शोधायचं, तेही तेलुगूतून. चुकून झालंच असं, तर घाबरू नका. भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत असतं, त्यातलं ‘मराठी’ डोळ्यांना सापडतं.

आधारच्या कार्डावरची मराठी ओळ तेलुगूत करता येईल का, असंही तुमच्या मनात येईल. केंद्रावर स्थानिक भाषा बदलण्याची सोय असते, पण मग मराठी ओळ जाते, कारण कार्डावर इंग्रजीखेरीज एकच भाषा बसते. महिनाभराच्या मुक्कामासाठी हा उद्योग करू नये.

तिकडे दाखवायचं कसं ते सांगतो. मोबाईलमध्ये मेनू मराठीच असू द्या, पण दाखवताना मेनू नाही, कार्ड दाखवा. पीडीएफ उघडून इंग्रजी नाव आणि क्यूआर असा भाग मोठा करून समोर धरा. समोरच्याला मराठी येत नसेल तरी इंग्रजी ओळ तो वाचेल, आणि ज्याला खात्री करायची आहे तो स्कॅन करेल. स्कॅन केल्यावर काय दिसतं ते कार्ड मराठीत होतं की तेलुगूत यावर अवलंबून नसतं. एक चूक मात्र टाळा. ब्राउझरमध्ये पान उघडून वर येणारं ‘भाषांतर करा’ दाबून तेलुगू करून दाखवायचा मोह होतो. त्यात यंत्र नावांनाही हात घालतं आणि पडद्यावर भलतंच नाव येतं. ओळखपत्र म्हणून ते कोणी मानणार नाही.

सासूबाई एकट्या असतील तर त्यांना एवढं पाठ करून द्या: क्यूआर स्कॅन करायला ओटीपी लागत नाही. कोणी ‘कार्ड तपासायचं आहे, मोबाईलवर आकडा आला तो सांगा’ म्हणालं तर आकडा सांगायचा नाही, मोबाईल खिशात टाकायचा आणि नणंदेला फोन लावायचा. आणि पासवर्ड तर नाव आणि सालावरूनच बनतो, म्हणून उघडलेली फाइल किंवा पासवर्डसकट फाइल गावभर पाठवू नका.

डिजिलॉकर वापरत असाल तर त्यातला एक फरक ध्यानात घ्या. त्यात Issued या भागात आलेली कागदपत्रं ज्या खात्याने दिली त्या खात्याकडून आलेली असतात आणि कायद्याने मूळ कागदासारखी धरली जातात. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेली प्रत तिथे असली तरी ती फोटोच. मुलाने जुनं आधार तसं चढवून ठेवलं असेल तर तेही आता काढून टाका, कारण चेहरा तोच असतो आणि घाईत फरक कळत नाही.

लसीचं सर्टिफिकेट आपोआप बदलत नाही. कोविन हे वेगळं दालन आहे. सासूबाईंनी लस घेतली त्या दिवशी ओळखपत्र बघून जे नाव टाइप केलं गेलं तेच तिथे आहे, आणि सर्टिफिकेटवरच्या क्यूआरमध्येही तेच सही करून भरलेलं आहे. आधार बदलल्याची खबर कोविनला जात नाही. दुरुस्ती करायची झालीच तर cowin.gov.in वर लस घेताना नोंदवलेल्या मोबाईल नंबरने जावं लागतं. Raise an Issue मध्ये Correction in Certificate आहे, तिथे नाव, जन्मसाल आणि लिंग सुधारता येतं. संधी मोजकी असते, म्हणून जे भरायचं ते आधी कागदावर लिहून आधारशी ताडून मगच दाबा. त्यानंतर नवं सर्टिफिकेट उतरवायचं, कारण जुन्या प्रतीवरचा क्यूआर इथेही जुनंच सांगणार. नवीन प्रत तपासायची तर verify.cowin.gov.in वर कॅमेऱ्याने स्कॅन करता येतं.

अडचण येईल ती मोबाईल नंबरची. त्या वेळी शाळेत नाहीतर उपकेंद्रात रांगा होत्या, आणि ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता त्यांची नोंद शेजाऱ्याच्या, गुरुजींच्या, आशाताईंच्या नंबरवर झाली. एका नंबरवर सुरुवातीला ४ जण बसत, २०२२ च्या जानेवारीत ते ६ झाले. तुमच्या सासूबाईंची नोंद कोणाच्या नंबरवर आहे ते लसीनंतर ज्याच्या मोबाईलवर मेसेज आला त्याला विचारा. आशाताईंकडून सुरुवात केलेली बरी, त्यांना गावाची याद असते.

पण माझा सल्ला विचाराल तर ते सर्टिफिकेट सध्या तसंच राहू द्या. करीमनगरच्या बसमध्ये किंवा नणंदेच्या घरी ते कोणी मागणार नाही. सर्टिफिकेटवर ओळखपत्राचा प्रकार आणि त्याचे शेवटचे आकडे छापलेले असतात. लस घेताना आधार दाखवलं असेल तर ते आकडे नव्या आधारवरही तेच आहेत, कारण नाव बदललं तरी क्रमांक बदलत नाही. एका अक्षराचा फरक असतानाही माणूस एकच आहे हे त्यावरून दाखवता येतं. परदेशी जायचं असेल तर मात्र नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळायला हवं. तसा प्रसंग सासूबाईंवर येईल तेव्हा बघू.

राहिला दवाखाना. नवी प्रिंट घेऊन जाताना आणखी एक विचारा: तुमच्या संगणकात आमची नोंद कोणत्या नावाने आहे? पहिल्या तपासणीला केस पेपर काढला तेव्हाचं Kamlabai तिथे साठलेलं असेल, आणि क्यूआर कितीही नवा नेला तरी त्यांचा छापील कागद जुन्याच नावाने निघत राहील. ते नाव आधार बदलू शकत नाही, त्यांच्याच खिडकीवर बदलून घ्यावं लागतं. ऑपरेशन योजनेतून होणार असेल तर हे भरतीच्या आदल्या दिवशी उरका, कारण मंजुरी एका नावाने आणि डिस्चार्ज दुसऱ्या नावाने निघाला तर बिलाच्या वेळी तुम्हालाच खिडकीखिडकीवर फिरावं लागेल. जाताना नवी प्रिंट, जुनी प्रत आणि दुरुस्तीची पावती अशा तिन्ही एका पिशवीत ठेवा.